चेअर काढताना या चुका टाळा: ‘ट्रान्स म्हणजे स्थिर’ इथेच मार्क जातात

सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना ऑरगॅनिक शिकवते. सायक्लोहेक्झेनचा प्रश्न आला की अर्ध्या वह्यांत एकच वाक्य सापडतं: ‘ट्रान्स समघटक जास्त स्थिर.’ १,२ आणि १,४ डायमिथिलला ते बरोबर आहे, पण १,३ ला साफ उलटं.

घोळ आकृतीतच सुरू होतो. अॅक्सियल रेषा सरळ उभ्या येतात. इक्विटोरियल मात्र मुलं चक्क आडव्या ओढतात. ती रेषा किंचित वर किंवा किंचित खाली झुकलेली हवी. कार्बन १ ची इक्विटोरियल रेषा २–३ या बंधाला समांतर काढा, झुकाव आपोआप बरोबर येतो. वरच्या टोकाच्या कार्बनवर अॅक्सियल वर, इक्विटोरियल जरा खाली; खालच्या टोकावर याच्या उलट.

आता दुसरी चूक, आणि खरी महागाची: ‘वर’ म्हणजे अॅक्सियल असं समजणं. सिस-ट्रान्स ठरतं ते वर-खालीवरून. सिस-१,३-डायमिथिल घ्या. कार्बन १ आणि ३ दोन्ही वरच्या टोकाला असतील आणि दोन्ही मिथिल वर असतील, तर दोन्ही अॅक्सियल झाले. चेअर उलटवा. दोन्ही कार्बन खाली गेले, मिथिल इक्विटोरियल झाले, पण ‘वर’चे ‘वर’च राहिले. उलटवताना एकही बंध तुटत नाही, त्यामुळे उलटवल्यावर एखादा गट वरचा खाली गेलेला दिसला तर आकृती चुकली समजा.

अॅक्सियल का नको? अॅक्सियल मिथिलला त्याच बाजूचे, ३ आणि ५ नंबरच्या कार्बनवरचे अॅक्सियल हायड्रोजन अडचण करतात. त्याची किंमत मोलमागे साधारण ७.३ किलोज्यूल. कागदावर ही गर्दी दिसत नाही. मी वर्गात बेदाणे भिजवून टूथपिकला टोचायला लावते (तासगाव जवळ, बेदाण्यांना काय तोटा!). दोन अॅक्सियल काड्यांवर मोठे मनुके लावले की ते एकमेकांना टेकतात. सिस-१,३ च्या दुहेरी अॅक्सियल रूपात दोन मिथिल असेच समोरासमोर येतात, म्हणून ते रूप इक्विटोरियल रूपापेक्षा सुमारे २३ किलोज्यूलने वर असतं आणि रेणू जवळजवळ सगळे दुसऱ्या रूपात राहतात.

ट्रान्स-१,३ ला ही सुटका नाही. एक मिथिल अॅक्सियल, एक इक्विटोरियल. उलटवलं तरी फक्त जागांची अदलाबदल. ते ७.३ किलोज्यूल कायमचे मानगुटीवर, म्हणून इथे सिस जास्त स्थिर.

दोन गट वेगळे असतील तर मात्र उलटवण्याने फरक पडतो. ट्रान्स-१-टर्ट-ब्युटिल-३-मिथिलमध्ये कुणाला तरी अॅक्सियल जावंच लागणार. टर्ट-ब्युटिलला ते सुमारे २० किलोज्यूलला पडतं, म्हणून तो इक्विटोरियल आणि मिथिल अॅक्सियल. इथे ‘दोन्ही इक्विटोरियल’ रूप काढलेलं दिसलं, की ते ट्रान्स नसून सिस आहे.