तारीख कोण बदलणार, हे आधी लिहा

बडोद्यातल्या एका शाळेची प्रवेशाची साइट करून घेताना आम्ही डेव्हलपरला नुसतं ‘प्रवेशाची माहिती हवी’ असं लिहून दिलं. त्याने फॉर्मची शेवटची तारीख तीन पानांवर स्वतंत्रपणे टाकली. मुदत वाढली, एका पानावर जुनीच राहिली, आणि पालक ऑफिसात भांडायला हजर!

आता मी लिहिते: ‘तारीख, फी, वयाची अट एकाच जागी भरायची, क्लार्क मोबाइलवरून बदलेल, सगळीकडे आपोआप बदलेल.’ खाली उदाहरणही देते. गुजरातेत पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात; म्हणजे २०२६-२७ साठी १ जून २०२० चा जन्म चालेल, २ जूनचा नाही. क्लार्कने डेव्हलपरला न विचारता तारीख बदलून दाखवली, की मगच शेवटचा हप्ता.