सोंग काळाचा व्यापार समजावून सांगताना या चुका टाळा

चीनच्या सोंग राजवटीवर (960 ते 1279) लिहिताना बहुतेकांच्या हातून एकच गोष्ट उलटी होते. दरबाराने नोटा काढल्या, लोखंडाचे उत्पादन वाढले, होकायंत्र आले आणि मग व्यापार फोफावला, अशी मांडणी केली जाते. प्रत्यक्षात व्यापार आधीच वाढत होता आणि त्याच्या अडचणींतून यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे आल्या. हे सर्वात स्वच्छ दिसते ते सिचुआन प्रांतात.

कागदी नोट सम्राटाने शोधली, असे लिहू नका. सिचुआनमध्ये तांब्याची नाणी येऊ दिली जात नव्हती, तिथे लोखंडी नाण्यांवर व्यवहार चाले. लोखंड स्वस्त, त्यामुळे थोड्या मालालाही ढीगभर नाणी लागत. रेशमाच्या एका ताग्याला वीस हजार लहान नाणी पडत आणि त्यांचे वजन 130 जिन, म्हणजे सुमारे 80 किलो भरे, असे जुनी नोंद सांगते. एवढे ओझे घेऊन बाजारात कोण जाणार? म्हणून चेंगदूचे व्यापारी लोक नाणी ठेवून घेत आणि बदल्यात कागदी पावती देत. ही पावती, जियाओझी, हातोहात फिरू लागली. पुढे हा अधिकार सोळा धनाढ्य घराण्यांपुरता राहिला. त्यांतल्या काहींनी लोकांची ठेव दुसरीकडे गुंतवली, पावती वटवायला माणसे आली तेव्हा नाणी नव्हती आणि तंटे झाले. सरकार यात उतरले ते त्यानंतर. 1023 मध्ये त्यासाठी कार्यालय स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी पहिल्या नोटा निघाल्या.

दुसरी चूक याच्याच पोटात आहे: ‘कागदी पैसा म्हणजे महागाई आलीच’. पहिल्या सरकारी खेपेचे आकडे पाहा. नोटा 12,56,340 ग्वान किमतीच्या (एक ग्वान म्हणजे हजार नाण्यांची माळ) आणि त्यांच्यामागे राखीव लोखंडी नाणी 3,60,000 ग्वान. म्हणजे तारण तीस टक्क्यांहूनही कमी. तरीही पद्धत अनेक दशके नीट चालली. कारण प्रत्येक खेपेला मर्यादा होती आणि मुदतही. दोन वर्षांनी जुनी नोट परत करायची, एका ग्वानमागे 30 नाणी शुल्क भरायचे आणि नवी घ्यायची. सगळे लोक एकाच दिवशी नाणी मागायला येत नाहीत, हे गणित त्यांना उमगले होते.

बिघाड झाला तो मर्यादा सुटल्यावर. वायव्येकडच्या पश्चिम शिया या राज्याविरुद्धच्या लढायांचा खर्च नोटा छापून भागवला जाऊ लागला. 1107 च्या आसपास नोटांचे प्रमाण पहिल्या खेपांच्या वीस पटींवर गेले होते. मुदत संपल्यावर चार जुन्या नोटांना एक नवी मिळू लागली. बिघाड ओळखायची खूण हीच: जुन्या-नव्या नोटेचा बदल एकास एक होतो, तोवर लोकांचा विश्वास टिकून आहे. मार्को पोलोने पाहिलेल्या नोटा इथे पुरावा म्हणून आणू नका. त्या कुब्लाई खानाच्या युआन राजवटीच्या आहेत. चित्र लावतानाही जपा. सोंग काळाची एकही अस्सल कागदी नोट आज उरलेली नाही आणि ‘सोंग नोट’ म्हणून बऱ्याचदा लावली जाते ती 14 व्या शतकातली मिंग नोट असते.

लोखंडाबाबत एक आकडा सगळीकडे सापडतो: 1078 मध्ये वर्षाला सव्वा लाख टन. हे मोजमाप नव्हे. त्या वर्षी सरकारजमा झालेले लोखंड सुमारे 55 लाख जिन, म्हणजे साधारण साडेतीन हजार टन होते. त्यावरून आणि इतर नोंदींवरून इतिहासकार रॉबर्ट हार्टवेल यांनी 1960 च्या दशकात तो अंदाज बांधला आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. वापरायचाच असेल तर ‘अंदाज’ हा शब्द सोडू नका. मला त्यापेक्षा सू शी या कवी-अधिकाऱ्याचे वर्णन जास्त मोलाचे वाटते. शुझोऊचा कारभारी असताना त्याने लीग्वो इथल्या 36 भट्ट्यांची नोंद केली, प्रत्येकीवर शंभराहून अधिक मजूर. त्याच भागात सरपणाची टंचाई असताना दगडी कोळसा सापडला, तेव्हा त्याने त्यावर कविताही लिहिली. झाडे संपत आली म्हणून कोळशाकडे वळावे लागले, हे कारण या नोंदीत डोळ्यांना दिसते.

होकायंत्राबद्दल थोडक्यात. सोंग दरबारातला विद्वान अधिकारी शेन ख्वो याने 1088 च्या सुमारास रेशमी धाग्याला टांगलेल्या चुंबकीय सुईचे वर्णन केले आणि ती अगदी दक्षिण न दाखवता किंचित पूर्वेकडे झुकते, हेही टिपले. पण तो जहाजाबद्दल बोलत नाही. जहाजावरचा वापर झू यू या लेखकाच्या 1119 च्या सुमाराच्या ग्रंथात येतो: खलाशी रात्री तारे पाहतात, दिवसा सूर्य आणि आभाळ भरून आले की दक्षिण दाखवणारी सुई. म्हणजे सुई ढगाळ दिवसांची सोय होती. जहाजांचे वेळापत्रक ठरवत होते ते मोसमी वारे. समुद्रव्यापारावर जकात घेणारे ग्वांगझोऊचे कार्यालय तर 971 मध्येच सुरू झाले होते.