लाइट ॲप टाकलं तरी जुन्या फोनवर जागा होत नाही? या चुका टाळा

आईचा फोन २०१८ चा, २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज. गेल्या दिवाळीत गावी गेलो तर म्हणे "अरे, तूच सांगितलेलंस ना लाइट टाक म्हणून, टाकलं की, तरी रोज जागा नाही जागा नाही म्हणून ओरडतोय हा". बघितलं तर फेसबुक लाइट, म्हणजे कमी ताकदीच्या फोनसाठीचं फेसबुकचं हलकं ॲप, खरंच होतं, पण शेजारी मोठं फेसबुकही तसंच. म्हणजे भाड्याच्या छोट्या खोलीत नवीन फोल्डिंगचा पलंग आणला आणि जुना सागवानी काढलाच नाही, असा प्रकार.

सगळ्यात कॉमन चूक हीच. सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन मोठ्या फेसबुकवर टॅप केलं तर ॲप आणि त्याचा डेटा धरून ९०० एमबीच्या वर होतं, आणि लाइट १५० च्या आसपास. प्ले स्टोअरवर लाइटचा साइज अगदी चिमुकला दिसतो, पण तो फक्त डाउनलोडचा आकडा असतो, वापरायला लागलं की फोटो आणि व्हिडिओचा कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरता साठवून ठेवलेला माल, साठत जातो आणि लाइटही फुगतं, तेव्हा प्ले स्टोअरच्या आकड्यावर जाऊ नका, सेटिंग्जमधला बघा.

आता मोठं फेसबुक काढायला गेलं तर अनइन्स्टॉलचं बटणच नाही. बऱ्याच फोनमध्ये ते कंपनीनेच टाकून दिलेलं असतं, त्यामुळे पूर्ण निघत नाही. अशा वेळी त्याच स्क्रीनवर वरती तीन ठिपके असतात तिथे "अनइन्स्टॉल अपडेट्स" करायचं, मग ॲप फॅक्टरीतून आलेल्या जुन्या छोट्या व्हर्जनवर येतं, आणि त्यानंतर लगेच "डिसेबल". नुसतं डिसेबल केलं आणि अपडेट्स तसेच ठेवले तर जागा परत मिळेलच असं नाही, आणि नुसते अपडेट्स काढले तर रात्री वायफायवर प्ले स्टोअर ते परत आणून ठेवतं. दोन्ही करायचं, याच क्रमाने.

पण थांबा, त्याआधी पासवर्ड! आईला फेसबुकचा पासवर्ड माहीतच नव्हता, चार वर्षांपूर्वी मावसभावाने लॉगिन करून दिलेलं, आणि ओटीपी जायचा बंद पडलेल्या जुन्या सिमवर. मोठं ॲप आधी उडवलं असतं तर अकाउंटच गेलं असतं हातातून. म्हणून आधी मोठ्या ॲपमध्ये जाऊन चालू नंबर टाकायचा, पासवर्ड बदलून वहीत लिहायचा, लाइटमध्ये लॉगिन करून बघायचं, आणि मगच मोठ्याला हात लावायचा.

लाइट नेमकं हलकं कशामुळे असतं तेही समजून घ्या म्हणजे अपेक्षा चुकणार नाही. फेसबुक लाइटमध्ये पानं तयार करायचं बरंचसं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, फोन नुसता दाखवायचं काम करतो, म्हणून रॅम कमी लागते. पण म्हणूनच नेट गेलं की ते जवळपास आंधळं होतं, आणि फोटो जरा धुरकट दिसतात, तो फोनचा दोष नाही.

दुसरी चूक, आणि ही धोक्याची. व्हॉट्सॲपचं लाइट शोधणं. अधिकृत लाइट व्हॉट्सॲप नाहीच आहे, लिहून घ्या. "व्हॉट्सॲप लाइट" नावाने एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपच्या फाइल्स फिरतात, त्या कोणीतरी बाहेरच्याने बदललेल्या असतात, त्यातून तुमचे मेसेज कुठे जातात कोणाला ठाऊक, आणि नंबर बॅन होतो तो वेगळाच. शिवाय व्हॉट्सॲपमध्ये जागा ॲप खात नाही, "शुभ सकाळ" खातं. आईच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचे ३ जीबी होते, त्यात ॲप स्वतः अगदी थोडं, बाकी सगळी फुलं, सूर्योदय आणि सोसायटीच्या ग्रुपचे व्हिडिओ.

ते काढायचं व्हॉट्सॲपच्या आतूनच. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे "५ एमबीपेक्षा मोठे" आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेले" असे वेगळे गठ्ठेच करून ठेवलेले असतात, दुसरा गठ्ठा तर डोळे झाकून उडवला तरी चालेल (नातवंडांचे फोटो बहुतेक त्यात नसतात, तरी एकदा नजर फिरवा). मग त्याच सेटिंग्जमध्ये मीडिया ऑटो डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडे बंद करा, नाहीतर पंधरा दिवसांनी परत तेच.

इथे एक फसगत होते. गॅलरीतून किंवा फाइल्स ॲपमधून डिलीट केलं आणि जागा तसूभर वाढली नाही, असं झालं तर ट्रॅश बघा. फाइल्स बाय गूगलमध्ये डिलीट केलेलं ३० दिवस ट्रॅशमध्ये बसून राहतं आणि तोवर जागा अडवतं. आईच्या ट्रॅशमध्ये ६०० एमबी होते, बिचारी रोज डिलीट करायची आणि रोज तोच मेसेज यायचा!

अजून एक फोल्डर, जिकडे कोणी बघत नाही:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

काही जुन्या फोनमध्ये हेच फोल्डर बाहेर सरळ WhatsApp नावाखाली सापडतं. यात चॅटच्या गेल्या काही दिवसांच्या बॅकअप फाइल्स असतात, नावात तारीख असते. तारीख नसलेली सगळ्यात ताजी, ती ठेवा, तारखेच्या जुन्या काढल्या तर चालू चॅटला काही होत नाही. चॅट जुने असतील तर इथून बरीच जागा सुटते.

कॅशे आणि डेटा यातली गल्लतही नेहमीची. "क्लिअर कॅशे" बिनधास्त करा. "क्लिअर स्टोरेज" किंवा "क्लिअर डेटा" मात्र लॉगिनसकट सगळं पुसतं, व्हॉट्सॲपवर तर चुकूनही नको.

आता यूट्यूबचं. अजूनही लोक यूट्यूब गो शोधतात, ते ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झालं, मेसेंजर लाइट २०२३ मध्ये गेलं. त्यांच्या नावाच्या एपीके मिळतात, टाकू नका. त्यापेक्षा यूट्यूबचे अपडेट्स काढून डिसेबल करा आणि क्रोममध्ये m.youtube.com उघडून मेनूमधून "ॲड टू होम स्क्रीन". डिसेबल करायचं कारण असं, की ॲप चालू असेल तर लिंक बऱ्याचदा परत ॲपमध्येच उडी मारते. तोटा हा की व्हिडिओ डाउनलोड करता येत नाहीत. कीर्तन ऐकताना स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो, यावर आईची अजून तक्रार आहे. आणि जागेच्या नादात क्रोम डिसेबल करू नका, मग हे शॉर्टकट उघडणारच नाहीत.

राहिले ते क्लीनर आणि रॅम बूस्टर. आईच्या फोनमध्ये दोन होते, मिळून २०० एमबी, वर जाहिराती. ते मागची ॲप बंद करतात, अँड्रॉइड ती लगेच परत सुरू करतं, परत बंद, परत सुरू, यात बॅटरी जाते आणि फोन उलट जास्त अडखळतो. दोन्ही काढले.

संध्याकाळपर्यंत ३०० एमबीवरून रिकामी जागा ४ जीबीच्या जरा वर गेली. यातली १ ते दीड जीबी मी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली, कारण अपडेट घेताना फोनला नवीन फाइल आणि जुनं ॲप दोन्ही थोडा वेळ एकत्र ठेवावं लागतं, जागा नसली की अपडेट अर्ध्यात अडकतं. परवा फोन आला, "अरे ते सोसायटीवाले म्हणतात मी त्यांचे व्हिडिओ बघतच नाही". म्हटलं, ऑटो डाउनलोड बंद आहे, बघायचाच असला तर बाणावर टॅप कर. म्हणाली, नको, बरंय असंच.