एलडी कापल्याचं स्पष्टीकरण लिहिताय? या चुका टाळा

माल उशिरा आला, करारात लिक्विडेटेड डॅमेजेसचं कलम आहे, बिलातून एलडी कापली. आता कॉन्ट्रॅक्टरला कळवायचंय की का कापली. आमच्या पर्चेसमध्ये हे पत्र साधारण असं होतं: ज्याने तीन आठवडे फोन करून करून माल मागवला तोच माणूस बिल आलं त्या दिवशी वैतागून ड्राफ्ट टाइप करतो आणि मग तो माझ्याकडे येतो, "जरा भाषा नीट करून दे" म्हणून. मी इतके ड्राफ्ट दुरुस्त केलेत की आता सांगू शकते, भाषा नीट करायला बसलं की निम्म्या वेळा आकडाच चुकलेला सापडतो. का, ते एका उदाहरणातून सांगते.

ऑर्डर 8 इलेक्ट्रिकल पॅनलची, प्रत्येकी 3,00,000, म्हणजे टॅक्स सोडून एकूण 24,00,000. साइटवर पोहोचवायची तारीख 10 मार्च. 5 पॅनल 8 मार्चला आले, उरलेले 3 आले 2 एप्रिलला. कलमात लिहिलेलं, उशिरा आलेल्या मालाच्या करपूर्व किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला 0.5 टक्के, आणि जास्तीत जास्त त्याच किमतीच्या 5 टक्के. आणि हा आलेला ड्राफ्ट:

"वारंवार सांगूनही आपण बेजबाबदारपणे माल प्रचंड उशिरा दिलात. ट्रान्सपोर्टचे बहाणे सांगितलेत. यामुळे आमचे मोठे नुकसान झाले असून करारानुसार दंड म्हणून 48,000 कापण्यात येत आहेत."

पहिली चूक, आणि बहुतेक ड्राफ्टमध्ये असतेच, ती म्हणजे "दंड" हा शब्द. एलडी म्हणजे उशीर झाला तर किती भरपाई द्यायची हे दोघांनी सही करताना आधीच ठरवलेलं असतं, शिक्षा करायला नसतं. तुम्ही स्वतःच्या पत्रात दंड लिहिलात की समोरच्याच्या वकिलाला आयतं मिळालं, "बघा, हे स्वतःच म्हणतायत की शिक्षा म्हणून कापलं". दंडासारखी रक्कम वसूल होते का, कितपत होते, हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर आहे, त्यात आपण पडायचं नाही, फक्त कलमात जो शब्द आहे तोच पत्रात ठेवायचा. कलमात "विलंबापोटी लिक्विडेटेड डॅमेजेस" असेल तर पत्रातही तेच, शेवटपर्यंत तेच. एका पॅरात एलडी, दुसऱ्यात पेनल्टी, तिसऱ्यात नुकसानभरपाई असं केलं की वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगवेगळ्या गोष्टी कापल्यात.

त्याचीच बहीण म्हणजे "आमचे मोठे नुकसान झाले". हे लिहायचा मोह होतो खरा, पण रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे हे वाक्य काही मिळवून देत नाही, उलट समोरचा विचारतो किती नुकसान, कागद दाखवा. साइटवर दुसरं काम रखडलेलंच होतं, पॅनल वेळेत आले असते तरी लागले नसते, असं निघालं तर? कागद नसेल तर वाक्य काढा.

मग "वारंवार", "बेजबाबदारपणे", "प्रचंड", "बहाणे". मी प्रत्येक वाक्याच्या समोर मार्जिनमध्ये एकच गोष्ट लिहिते, हे कुठल्या कागदावरून कळतं. "वारंवार" समोर काही लिहिता आलं नाही, कारण सगळे फोन होते, मेल फक्त दोन. मग लिहायचं "12 मार्च आणि 19 मार्चच्या मेलने विचारणा केली". बेजबाबदारपणाचा कागद नसतोच. "प्रचंड उशिरा"च्या जागी दिवस. आणि बहाण्याबद्दल बोलायचं तर कॉन्ट्रॅक्टरने 20 मार्चला रीतसर पत्र देऊन ट्रान्सपोर्टरकडे गाडी नव्हती असं लिहिलेलं होतं. ते खरं की खोटं हे आपल्याला माहीतच नाही, आणि ठरवायची गरजही नाही, कारण मुदतवाढ कुठल्या कारणांना मिळते याची यादी करारात असते आणि गाडी न मिळणं त्यात नव्हतं. तेवढंच लिहायचं. त्याचं कारण पत्रात घेतलंच नाही तर तो म्हणणार आमचं ऐकलंच नाही, आणि घेऊन हिणवलं तर भांडण एलडीवरून मानापमानावर जातं.

आता खरी गंमत. "प्रचंड"च्या जागी दिवस लिहायला गेले आणि 48,000 कुठून आले ते जुळेना. 10 मार्च ते 2 एप्रिल म्हणजे 23 दिवस, आठवड्याचा भागही मोजायचा म्हणून 4 आठवडे, म्हणजे 2 टक्के. 48,000 हे पूर्ण 24,00,000 चे 2 टक्के आहेत! कलम म्हणतंय उशिरा आलेल्या मालावर, म्हणजे 3 पॅनल, 9,00,000. त्याची कमाल मर्यादाच 5 टक्क्यांनी 45,000 होते, म्हणजे कापलेली रक्कम मर्यादेच्याही वर गेलेली आणि कोणाच्या लक्षात नाही, कारण ड्राफ्टमध्ये हिशोबच दाखवलेला नव्हता. काही करारांत एलडी पूर्ण ऑर्डरच्या किमतीवर असते, विशेषतः जिथे एक भाग आला नाही तर बाकीचं वापरता येत नाही तिथे, त्यामुळे मागच्या ऑर्डरचं पत्र कॉपी करून आकडे बदलणाऱ्यांचं इथेच हमखास चुकतं.

पुढचा प्रश्न मी नेहमी विचारते आणि तो कोणाला आवडत नाही: आपल्याकडून काही उशीर झाला का? करारात होतं की ड्रॉइंग आलं की खरेदीदार 7 दिवसांत मंजूर करेल, जास्त लागले तर तेवढे दिवस मुदत वाढेल. ड्रॉइंग आलेलं 1 फेब्रुवारीला, आपण मंजूर केलं 13 फेब्रुवारीला. 12 दिवस, म्हणजे 5 जास्त. मुदत झाली 15 मार्च. उशीर 16 मार्च ते 2 एप्रिल, 18 दिवस, 2 आठवडे आणि वर 4 दिवस, म्हणून 3 आठवडे. 9,00,000 चे 1.5 टक्के, 13,500. सुरुवातीला 48,000 होते, लक्षात घ्या.

हे 5 दिवस आपणहून पत्रात लिहिले तर आपण कमजोर पडतो असं पर्चेसवाल्यांना वाटतं. मला उलट वाटतं, कारण ड्रॉइंगचा मेल त्याच्याकडेही आहे, तो उद्या काढणारच, आणि एकदा का एक लपवलेली गोष्ट सापडली की बाकीचे खरे आकडेही कोणी धड वाचत नाही.

तारखेबद्दल एक गोष्ट नीट बघून घ्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता माल 29 मार्चलाच निघाला. 29 धरली तर उशीर बरोबर 14 दिवस, 2 आठवडे, एलडी 9,000. म्हणजे डिलिव्हरी म्हणजे नेमकं काय, माल निघाला ती तारीख की गेटवर पोहोचला ती, यावर दीड पट फरक पडतोय. आपल्या करारात "साइटवर पोहोच" असं स्पष्ट होतं, म्हणून गेट एन्ट्रीची तारीख धरली आणि पत्रात तसं सांगितलं. नुसतं "माल 2 एप्रिलला मिळाला" लिहून चालत नाही, कशावरून 2 एप्रिल तेही लिहावं लागतं. आठवड्याचंही तसंच, कलमात "पूर्ण आठवड्याला" असेल तर 18 दिवसांचे 2 च आठवडे होतात, 3 नाही.

आणखी एक घोळ म्हणजे ओढूनताणून कबुली काढायची. कॉन्ट्रॅक्टरने मेलमध्ये "उशिराबद्दल दिलगीर आहोत" लिहिलेलं, ड्राफ्टच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचं झालं "आपण एलडी मान्य केली आहे". दिलगिरी उशिराबद्दल होती, कपातीबद्दल नव्हती. असं वाक्य वापरायचंच असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे आणि तारीख द्या, नाहीतर सोडून द्या, हिशोबाला त्याची गरज नाही.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

"आपल्या बिलातून विलंबापोटी लिक्विडेटेड डॅमेजेस म्हणून 13,500 वजा केले आहेत. ऑर्डरनुसार 8 पॅनल साइटवर पोहोचवण्याची मुदत 10 मार्च होती. ड्रॉइंग मंजुरीस आमच्याकडून 7 ऐवजी 12 दिवस लागल्याने मुदत 5 दिवसांनी वाढवून 15 मार्च धरली आहे. 5 पॅनल 8 मार्चला मिळाले, त्यांवर कपात नाही. उरलेले 3 पॅनल गेट एन्ट्रीनुसार 2 एप्रिलला मिळाले. विलंब 18 दिवस, म्हणजे कलमाप्रमाणे 3 आठवडे. 3 पॅनलची करपूर्व किंमत 9,00,000, त्यावर आठवड्याला 0.5 टक्के प्रमाणे 13,500. आपल्या 20 मार्चच्या पत्रातील वाहन उपलब्ध नसल्याचे कारण करारातील मुदतवाढीच्या कारणांत येत नसल्याने त्यासाठी मुदत वाढवलेली नाही. यातील कोणत्याही तारखेबाबत किंवा आकड्याबाबत आपल्याकडे वेगळी नोंद असल्यास कागदपत्रांसह कळवावे."

सोबत गेट एन्ट्रीची प्रत, ड्रॉइंगचे दोन्ही मेल आणि कलमाचं पान जोडलं. "कृपया", "खेदाने कळवावे लागते" वगैरे काही घातलं नाही. गोड बोलून कापलं तर ते जास्त टोचतं असा माझा अनुभव आहे, आणि "सहानुभूतीपूर्वक कमी रक्कम आकारत आहोत" तर अजिबात लिहू नका, 13,500 ही सूट नाहीये, कलमाने येणारी रक्कम आहे. खरंच सूट दिली असेल तर मूळ रक्कम, किती सोडली आणि कोणाच्या मंजुरीने, हे वेगळं लिहा.

एक शेवटचं, भाषा सुधारणाऱ्याने आकडा परस्पर बदलायचा नाही. मी हिशोब पेन्सिलने करून ड्राफ्ट परत पाठवला, अकाउंट्सने बिलाच्या नोंदीत 48,000 चे 13,500 केले, मग पत्र गेलं. हा क्रम उलटा झाला तर पत्रात एक रक्कम आणि पेमेंट अॅडव्हाइसवर दुसरी, आणि मग तुमचं सगळं नीटनेटकं पत्र त्या एका ओळीपुढे फुकट. अॅडव्हाइसवर नुसतं "इतर कपात" असं होतं, तेही बदलून "एलडी, 3 पॅनल, 3 आठवडे" करून घेतलं.

आठवड्याने कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर आलं. चार ओळींचं, 29 मार्चच धरावी एवढाच मुद्दा, सोबत ट्रान्सपोर्टची पावती. त्याला "साइटवर पोहोच"वालं पान पुन्हा पाठवलं.