ऑर्डरचे मेल का थांबले होते

नमस्कार काका,

ऑर्डरचे मेल पुन्हा सुरू झाले आहेत. मधल्या काळातली एकही ऑर्डर हरवलेली नाही. सगळ्या ऑर्डर साइटवरच्या यादीत आहेत. त्या गिऱ्हाइकांना आधी फोन करा, ते वाट बघत असतील.

फॉर्म भरला की साइट तुम्हाला मेल पाठवायची, पण पाठवणारा म्हणून गिऱ्हाइकाचाच पत्ता लावायची. म्हणजे पाकिटावर दुसऱ्याचं नाव आणि टपाल आपल्या दुकानातून. तुमच्या मेल सेवेने तपासणी कडक केल्यावर असे मेल नाकारले जाऊ लागले. फॉर्मवर मात्र ‘धन्यवाद’ दिसायचं, कारण साइटच्या बाजूने मेल निघालेला असायचा. सर्व्हरच्या नोंदीत नकाराचं कारण सापडलं: डीमार्क, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता खरोखर त्याचाच आहे का हे तपासणारा नियम.

आता मेल दुकानाच्या डोमेनवरच्या पत्त्यावरून, पासवर्डसह एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीने जातो. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदीही घातल्या, म्हणजे मेल खरोखर आपलाच आहे हे समोरच्याला पडताळता येतं. गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये आहे, त्यामुळे उत्तर पूर्वीसारखंच थेट त्यांना जाईल.

त्या मेलचा पासवर्ड बदललात तर मला लगेच कळवा, साइटवरही बदलावा लागतो. सुरुवातीला काही मेल स्पॅममध्ये दिसले, तर ‘स्पॅम नाही’ दाबा.