सोड्यातल्या गॅसचं गणित: या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना हेन्रीच्या नियमावरचं एक गणित मला दरवर्षी भेटतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 अंश सेल्सिअसला, कार्बन डायऑक्साइडच्या 2.5 अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली सोडा भरलाय. त्यात गॅस किती विरघळला? नियम साधा आहे. तापमान तेच राहिलं तर वायूची विद्राव्यता त्या वायूच्या पाण्यावरच्या दाबाच्या प्रमाणात असते. मुलं अडतात ती K पाशी.

एका पुस्तकात S = K × P असतं, दुसऱ्यात p = K_H × x. अक्षर सारखं, अर्थ उलटा. पहिल्या सूत्रात K मोठा म्हणजे वायू जास्त विरघळणारा. दुसऱ्यात K_H मोठा म्हणजे कमी विरघळणारा. ऑक्सिजनचा K_H कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसेक पट असतो. तो बघून ‘ऑक्सिजन जास्त विरघळतो’ असं लिहिणारे प्रत्येक बॅचमध्ये चार-पाच तरी निघतात. त्यामुळे आधी K चं एकक वाचायचं. नुसतं पास्कल किंवा बार असेल तर सूत्र दुसरं. मोल प्रति लिटर प्रति बार असेल तर पहिलं.

इथे K_H दिलाय 1.67 × 10⁸ पास्कल, म्हणून दाबही पास्कलमध्येच हवा: 2.5 × 101325, म्हणजे साधारण 2.53 × 10⁵. भागाकार केला की x येतो 0.00152. हा मोल-अंश आहे, ग्रॅम नव्हेत. पुष्कळ जण इथेच पेन खाली ठेवतात. अर्धा लिटर पाणी म्हणजे 500 ÷ 18, सुमारे 27.8 मोल. त्याला 0.00152 ने गुणलं की 0.042 मोल गॅस, आणि 44 ने गुणलं की जवळपास 1.85 ग्रॅम. उत्तर 0.018 ग्रॅमच्या आसपास आलं तर समजायचं, अ‍ॅटमॉस्फिअरचे पास्कल करताना शून्यं हरवली आहेत.

आता खरी मजेची चूक. ‘झाकण उघडल्यावर किती गॅस उरेल?’ असं विचारलं की झटकन उत्तर येतं: दाब 2.5 वरून 1 झाला, म्हणजे 1.85 ÷ 2.5 = 0.74 ग्रॅम. भागाकार बरोबर, दाब चुकीचा. नियमात धरायचा तो त्याच वायूचा आंशिक दाब. हवेचा एकूण दाब 1 अ‍ॅटमॉस्फिअर असला तरी त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा जेमतेम 0.0004. त्या हिशेबाने शेवटी उरतो तो ग्रॅमचा तीन दहा-हजारांश भाग. उघडी बाटली रात्रभरात पार ‘मेलेली’ होते ती म्हणून. उरलेल्या बाटलीत पंपाने साधी हवा भरून ठेवण्याची युक्तीही याच कारणाने फुकट जाते: एकूण दाब वाढतो, पण कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब आहे तिथेच राहतो.

तापमानाच्या प्रश्नात मुलं लिहितात, ‘गरम केल्यावर गॅस प्रसरण पावतो, म्हणून बाहेर येतो.’ यावर मी गुण देत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते. उष्णता दिली की समतोल उलट बाजूला, म्हणजे गॅस सुटण्याकडे झुकतो. प्रमाणाचा नियम मोडत नाही, फक्त K बदलतो. म्हणून 25 अंशाचा K फ्रिजमधल्या बाटलीला लावायचा नाही. 1 अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला लिटरभर पाण्यात 5 अंशाला सुमारे 2.8 ग्रॅम, 25 ला 1.45 आणि 40 ला एक ग्रॅमही मावत नाही.

पण झाकण बंद असेल तर? ‘उन्हात ठेवलेल्या बाटलीतला गॅस कमी होतो’ हेही चूकच. बाटली बंद आहे, तर गॅस जाणार कुठे? थोडासा वरच्या रिकाम्या जागेत येतो आणि दाब चढतो. तो थोडासा भाग सोडून दिला, तर आपल्या बाटलीतले लिटरमागे 3.7 ग्रॅम पाण्यात धरून ठेवायला 5 अंशाला सव्वा अ‍ॅटमॉस्फिअरच्या थोडा वर दाब पुरतो. 40 ला जवळपास पावणेचार लागतो. गोटी सोड्याची गोटी रबराच्या कड्याला दाबून धरणारा दाब तो हाच. तापलेली बाटली उघडली की एवढा दाब एकदम सुटतो आणि अर्धा सोडा शर्टावर येतो. आधी तासभर बर्फात ठेवा, मग उघडा.