सात चिंचोके आणि ‘सहा’ : मोजणीची गाणी घेणाऱ्या नवीन ताईंसाठी

अंगणवाडीत किंवा बालवाडीत नुकत्याच रुजू झालेल्या ताईंसाठी हे लिहितेय. गोल कसा करायचा, हावभाव कसे करायचे, बडबडगीत रंगवायचं कसं, हे तुम्ही प्रशिक्षणात शिकलाच असाल. मला बोलायचंय ते गाण्यातल्या मोजणीबद्दल, कारण तिथे मी फसले आणि माझ्यासोबतच्या बऱ्याच जणी अजून फसतात.

यवतमाळकडच्या आमच्या गावात पोट्टे गाण्याला कधीच नाही म्हणत नाहीत. हात वर करून, मान डोलावून एक ते दहा धडाधडा म्हणतात. पाहायला आलेलं माणूस खूश होऊन जातं. पण त्यातल्याच 4 वर्षांच्या एका पोरीपुढे मी सात चिंचोके ओळीत मांडले आणि मोजायला सांगितलं. तिनं एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत नीट मोजलं. एकही सोडला नाही, एकही दोनदा घेतला नाही. आणि शेवटी म्हणाली, “सहा हायेत बाई.”

पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा सहा. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच इथपर्यंत शब्द आणि बोट बरोबर जात होते. सहाव्या चिंचोक्यावर ती म्हणाली ‘स’ आणि सातव्यावर ‘हा’. चिंचोके तिथेच संपले.

ही एकट्या तिची गोष्ट नाही, ती आपल्या आकड्यांच्या उच्चारातच बसलेली आहे. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे शब्द बोलताना एका झटक्यात निघतात. सहा, नऊ आणि दहा यांना दोन झटके लागतात. टाळीचं गाणं म्हणता म्हणता मुलांच्या हाताला प्रत्येक झटक्यावर पडायची सवय होते. तोच हात पुढे चिंचोक्यांवर फिरतो. घरी घाईघाईत ‘सा’ म्हणणारं मूल यातून सुटतं. आपण वर्गात ‘स-हा’ ठासून म्हणायला लावलं की चूक तिथून सुरू होते.

ही चूक लपून बसते, म्हणून जरा थांबून वाचा. पाच चिंचोके दिले तर उत्तर बरोबर येतं. सहा दिले तरी बरोबर येतं, कारण ‘स’ सहाव्या चिंचोक्यावर पडतो, ‘हा’ हवेत जातो आणि मूल म्हणतं सहा. सात दिले की सहा येतात, आठला सात, नऊला आठ, दहाला नऊ. म्हणजे पाचपर्यंतच तपासत राहिलात तर हे वर्षभर दिसणार नाही. आणि एकदम दहा मांडून ‘नऊ’ ऐकलंत, तर मुलानं एखादा गाळला असेल असं वाटून जाईल. म्हणून तपासणी सातनं करा. उत्तर सहा आलं तर लगेच चूक दाखवू नका, बोटाकडे बघा. कधी मूल खरोखरच एखादा चिंचोका सोडतं, तेव्हा उपाय वेगळा असतो: चिंचोके पसरून न ठेवता ओळीत मांडायचे आणि मोजलेला बाजूला सरकवायचा.

‘स-हा’च्या चुकीवरचा उपाय मात्र गाण्यातच आहे. हे तीन आकडे म्हणताना पहिलं अक्षर चटकन, जवळजवळ गिळून म्हणायचं आणि हात दुसऱ्यावर पाडायचा: स-हा, न-ऊ, द-हा. आकडा एक, हात एकदा. तुम्ही स्वतः हे नीट करा, मुलं तुमच्या हातावरून उचलतात. आधी घरी एकट्यानं म्हणून पाहा; आपलाही हात ‘स’वर पडतो, हे तुमच्या लक्षात येईल.

आता गाणं. मी वापरते ते अगदी साधं, चार ठोक्यांचं आहे. आमच्याकडे संध्याकाळी बकऱ्या चरून परततात, ते मुलांनी रोज पाहिलेलं असतं, म्हणून तेच घेतलं:

झाली झाली संध्याकाळ,
कोण आलं कोठ्यात?
बकरी आली, बें बें बें,
मोजू चला कोठ्यात!
एक!
किती झाल्या? एक झाली!
एक बकरी कोठ्यात!

दुसऱ्या फेरीत आणखी एक बकरी येते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते: “एक! दोन! किती झाल्या? दोन झाल्या! दोन बकऱ्या कोठ्यात!” जमिनीवर खडूनं कोठा आखायचा. बकरी आली की मुलानं वस्तू आत ठेवायची, पण ‘बें बें बें’ म्हणताना हात मांडीवर ठेवायचे. हा नियम मी कडक पाळते. गाण्यात आकड्यांशिवायचे ठोके बरेच असतात आणि मुलाचा हात त्या ठोक्यांवरही वस्तूंना शिवत राहतो. तीन आकडे आणि चौथा ठोका रिकामा अशी चाल असेल, तर मूल चौथ्या ठोक्याला चौथी बकरी मोजून टाकतं. रिकाम्या ठोक्याला हातानं कुठे जायचं हे ठरलेलं असलं की तो भरकटत नाही.

‘किती झाल्या?’ ही ओळ कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. पाच वस्तू बरोबर मोजलेल्या मुलाला ‘किती आहेत?’ विचारा. पुष्कळदा ते उत्तर देत नाही, पुन्हा एकपासून मोजायला लागतं. शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा, हे त्याला अजून कळलेलं नसतं. या ओळीत शेवटचा आकडा लगेच पुन्हा म्हटला जातो आणि त्याला बकऱ्या जोडल्या जातात, म्हणून ते हळूहळू कळतं.

खरी परीक्षा मात्र गाणं बंद करून घ्यायची. समोर वस्तूंचा ढीग ठेवायचा आणि सहज म्हणायचं, “मला तीन दे बरं.” दहापर्यंत गाणारं मूलही मूठभर उचलून हातात देतं. घाबरू नका, ते मूल मागे पडलेलं नाही. मुलांना आधी ‘एक’ पक्का कळतो, मग ‘दोन’, मग ‘तीन’, आणि एकातून दुसऱ्यात जायला महिने जातात. तीन-चारच्या पुढे गेलं की एकदम उलगडा होतो आणि ते हवे तितके मोजून देऊ लागतं. तोवर गाणं पाचपर्यंतच ठेवा. ज्याला दोन कळतात त्याला तीनच्या फेरीत बकरी ठेवायला बोलवा, पाचच्या नाही.

दहाच्या पुढे तर गाण्यात जाऊच नका, हे माझं ठाम मत आहे. अकरापासून वीस, तीससारखे थोडे सोडले तर आकडे दोन, तीन, चार झटक्यांचे होतात आणि वर सांगितलेला घोळ जवळजवळ प्रत्येक आकड्याला होतो. त्यात मराठीत एकक आधी येतो आणि एकोणीस, एकोणतीस ही मंडळी वेगळीच. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता. तो प्रश्न दुसरीचा आहे, आपल्या सतरंजीवर आणायचं कारण नाही. कुणी भेटीला आलं आणि ‘पन्नासपर्यंत म्हणून दाखवा’ म्हणालं, तर दोन मुलांना सात वस्तू मोजायला लावा आणि तेच दाखवा. मला यावरून बोलणी बसली आहेत. तरी मी पन्नास पाठ करून घेत नाही.

लयीबद्दल. पोट्टे रंगात आले की गाणं पळायला लागतं आणि गाणं पळालं की बोट आकड्याला सोडतं. सांगून ते थांबत नाहीत, म्हणून मी जनावर बदलते. म्हैस आली की पाय जड, एका आकड्याला एक संथ पाऊल. बकरी आली की दुडूदुडू. सुरुवात नेहमी म्हशीनं करा. म्हशीच्या चालीवर हात आणि आकडा जुळला की मगच बकरी आणा, आणि विस्कटलं की परत म्हैस. यात लय संथ आणि जलद होते म्हणजे काय, ते वेगळं शिकवावं लागत नाही. मोबाईलवरची गाणी इथे उपयोगी पडत नाहीत. त्यांची लय ठरलेली असते, ती मुलासाठी थांबत नाही, आणि बोट चुकलं तर त्या गाण्याला ते कळायचा मार्ग नाही. पाऊस असला, मुलं कंटाळली, तर ऐकवा खुशाल. मोजणी शिकवली असं मात्र वहीत लिहू नका.

जनावरांची नावं याच गाण्यात बसतात. भिंतीवरच्या तक्त्यात जिराफ आणि पाणघोडा असतो, तो नंतर. आधी गाय, वासरू, गोऱ्हा, कालवड, म्हैस, वगार, बकरी, कोंबडी आणि शेतात शिरणारा रोही. मुलांना यातली बरीच नावं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. वगार आणि रेडकू यांतला फरक आमच्या एका पोट्ट्यानं मला समजावून सांगितला होता. एका फेरीत एकच जनावर ठेवा. पुढे मूल सरावलं की दोन बकऱ्या आणि एक म्हैस असा मिसळलेला कोठा करा आणि विचारा, “सगळे मिळून किती?” इथे काही मुलं फक्त बकऱ्याच मोजतात. त्यांना वाटतं, मोजायच्या वस्तू एकसारख्याच हव्यात. त्यासाठी गाण्यात ‘बकरी आली’च्या जागी ‘पाहुणे आले’ म्हणायचं, म्हणजे म्हैसही मोजणीत येते.

वस्तूंचं सांगायचं तर 3 वर्षांच्या मुलांपुढे चिंचोके ठेवू नका, तोंडात किंवा नाकात जातात. मोठी मुलं असली तरी नजर हवी. आम्ही पोळ्याच्या सुमारास मातीचे मुठीएवढे बैल करून घेतो. तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचा उत्साह असतोच. नुसती काळी माती घेतली तर वाळताना चिरते, म्हणून थोडी रेती आणि बारीक भुसा मिसळा, आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. शिंगं बारीक केली की पहिल्याच दिवशी तुटतात. ती जाड ठेवा.

गुरू कुणाला करावं असं विचाराल तर गावातली एखादी आजी गाठा. नातवाचा हात हातात घेऊन एकेका बोटाला एकेक शब्द देणारे तिचे खेळ आहेत, त्यात एका बोटाला एकच शब्द चुकल्याशिवाय पडतो. मी गाण्यांच्या याद्या बऱ्याच जणींकडून उतरवून घेतल्या होत्या, त्यांनी वही भरली. आजीच्या शेजारी बसले तेव्हा हात कुठे थांबवायचा ते कळलं. तिला वर्गात बोलवा, एका वेळी चार-पाचच मुलं तिच्यापुढे बसवा, आणि तुम्ही तिच्या बोटांकडे बघा.